पिवळं दिसणारं, शांत झोपणारं बाळ: थांबायचं कधी, निघायचं कधी

प्रश्न: माझं बाळ आज पाच दिवसांचं आहे. सदतिसावा आठवडा संपायच्या आधीच नॉर्मल डिलिव्हरी झाली, वजन 2 किलो 700 होतं. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. कालपासून चेहरा आणि छाती पिवळी वाटते. दिवसभर झोपतं, दूध पाच-सहा वेळाच पितं आणि दोन मिनिटांत सोडून देतं. झोपेत मधेच भराभरा श्वास घेतं. माझी आई म्हणते, कोवळ्या उन्हात धर, उतरेल आपोआप. पुढची तपासणी सोमवारी आहे. तोवर थांबलं तर चालेल का?

उत्तर: थांबू नका. आजच दाखवा, संध्याकाळ झाली असली तरी. बहुतेक लाईटखाली ठेवून आणि दूध नीट पाजून काम भागेल. पण ते ठरवायला रक्तातली कावीळ किती आहे हा आकडा हवा, आणि तो डोळ्यांनी दिसत नाही.

माझं म्हणणं पटावं म्हणून सांगतो. तुम्ही लिहिलेल्या गोष्टींपैकी मला पिवळेपणाची सर्वांत कमी काळजी वाटली. चौथ्या-पाचव्या दिवशी निम्म्याहून जास्त बाळं थोडीफार पिवळी दिसतातच. मी थबकलो ते 'दिवसभर झोपतं' आणि 'दोन मिनिटांत सोडून देतं' या शब्दांपाशी. आपल्याकडे अशा बाळाचं कौतुक होतं. 'किती गुणी आहे, त्रासच देत नाही,' असं पाहुणे म्हणतात. गेली सव्वीस वर्षं तालुक्याच्या गावी मी नवजात बाळं तपासतोय. पहिल्या आठवड्यात घर डोक्यावर घेणाऱ्या बाळाला मी एवढा घाबरत नाही. भूक लागूनही न उठणाऱ्या बाळाला घाबरतो.

झोप, दूध आणि कावीळ यांचा एकमेकांशी संबंध काय, ते आधी बघू. पोटात असताना बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी जास्त असतात. जन्मानंतर त्यातल्या बऱ्याच फुटतात आणि त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. ते शरीराबाहेर टाकायचं काम यकृताचं, आणि नव्या बाळाचं यकृत अजून त्या कामात मुरलेलं नसतं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळेपणा दिसू लागतो, चौथ्या-पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि दहा-बारा दिवसांत ओसरतो. यकृत जे थोडं बिलिरुबिन आतड्यात सोडतं, ते शीबरोबर बाहेर जातं. शी होण्यासाठी पोटात दूध जायला हवं. दूध कमी पडलं तर ती काळी शी आतड्यातच साचून राहते आणि त्यातलं बिलिरुबिन पुन्हा रक्तात शोषलं जातं. कावीळ वाढली की बाळ पेंगतं, पेंगलं की दूध कमी पितं, दूध कमी झालं की कावीळ आणखी वाढते. हे चक्र एकदा फिरायला लागलं की दीड-दोन दिवसांत आकडा कुठल्या कुठे जातो. सदतीस आठवड्यांच्या आसपास जन्मलेली बाळं त्यात हमखास सापडतात. दिसायला ती पूर्ण दिवसांचीच वाटतात, पण त्यांचं ओढणं कच्चं असतं आणि यकृतही दोन-तीन आठवडे मागे असतं.

एक उदाहरण देतो, तुमच्याशी बरंच मिळतंजुळतं आहे. पहिलटकरीण आई, बाळ सदतीस आठवड्यांचं, जन्मवजन 2650 ग्रॅम. दोन दिवसांनी घरी गेले. पाचव्या दिवशी रात्री घरात पाचवीची पूजा होती. पाटा मांडलेला, बाळाला हळद-डाळीचं पीठ लावून न्हाऊ घातलेलं. आजीला वाटलं हळदीचाच रंग चढलाय, म्हणून तिने ओल्या फडक्याने पुसून पाहिलं. रंग गेला नाही. ती लगोलग बाळाला घेऊन आली. त्या आजीला मी अजून मानतो.

वजन केलं तर 2340 ग्रॅम भरलं. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच. सात टक्क्यांपर्यंत उतरलं तर आम्ही फारसं मनावर घेत नाही, दहा टक्क्यांच्या पुढे गेलं की कान टवकारतो. इथे जवळजवळ बारा टक्के उतरलं होतं. आईला विचारलं, चोवीस तासांत लंगोट किती वेळा ओला झाला? ती म्हणाली दोनदा, आणि त्यातल्या एकावर विटकरी रंगाचा डाग होता. शी अजून हिरवट-काळीच होती. पाचव्या दिवशी ती पिवळी, पातळसर आणि दाणेदार व्हायला हवी होती. पोटात दूध जात नाही हे सांगायला एवढं पुरे होतं. रक्ताचा रिपोर्ट नंतर आला: बिलिरुबिन 21.4, रक्तातलं सोडियमही वाढलेलं, म्हणजे बाळ आतून सुकत चाललं होतं. आईचा रक्तगट ओ आणि बाळाचा ए, त्यामुळे पेशी फुटण्याचा वेग थोडा जास्त असणार.

त्याच रात्री बाळाला दोन्ही बाजूंनी निळ्या लाईटखाली ठेवलं. आईचं दूध काढून वाटी-चमच्याने दर दोन तासांनी 30 मिलिलिटर पाजायला सुरुवात केली, आणि दर वेळी आधी अंगावर घ्यायला लावलं. सोडियम हळूहळू उतरवावं लागतं, म्हणून त्यावरही लक्ष ठेवलं. बारा तासांनी बिलिरुबिन 17.8 झालं. पहाटे बाळ पहिल्यांदा आपणहून रडून उठलं, तेव्हा आजी म्हणाली, 'हां, आता हे आमचं वाटतंय.' छत्तीस तासांनी आकडा 12.6 आला, शी पिवळी झाली, लाईट बंद केला. रक्त बदलण्याची वेळ आली नाही. ठरलेल्या तपासणीची वाट पाहिली असती तर कदाचित आली असती.

आता तुम्ही घरी काय बघायचं ते सांगतो. पण हे बघण्यासाठी आजचं जाणं लांबवू नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ते उपयोगी पडेल.

पिवळेपणा बघायला उजेड लागतो. आपली बाळंतिणीची खोली अंधारी असते, खिडकीला पडदा, वर पिवळा दिवा, बाळ दुपट्यात गुंडाळलेलं आणि अंगाला हळद. एवढं असल्यावर कावीळ लपायला आणखी काय हवं? बाळाला दिवसा खिडकीपाशी न्या आणि कपडे काढा. कपाळावर, छातीवर, मग गुडघ्याखाली नडगीवर आणि शेवटी तळपायावर बोट दाबून उचला. क्षणभर पांढऱ्या पडलेल्या जागेत पिवळी झाक दिसते का बघा. सावळ्या बाळाच्या हिरड्या आणि डोळ्यांतला पांढरा भागही पाहा. कावीळ डोक्याकडून पायाकडे उतरत जाते. तळहात-तळपाय पिवळे दिसले तर ती कावीळ जास्त आहे असंच धरायचं आणि तासाभरात दवाखाना गाठायचा. पण याचं उलट खरं नाही. पिवळेपणा फक्त छातीपर्यंत दिसतो म्हणून आकडा कमीच असेल असं नसतं. मीही डोळ्यांनी अंदाज करतो आणि बऱ्याचदा चुकतो. मोबाईलवर पाठवलेल्या फोटोवरून तर मी काहीच सांगत नाही.

पहिल्या चोवीस तासांतच बाळ पिवळं दिसलं तर ती नेहमीची कावीळ नव्हेच. तेव्हा बहुतेक रक्तगट जुळत नसतो: आई ओ आणि बाळ ए किंवा बी, नाहीतर आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह. म्हणूनच नुसता आकडा सांगून भागत नाही, त्या वेळी बाळ किती तासांचं होतं हेही सांगावं लागतं. 12 हा आकडा विसाव्या तासाला आला तर मी लगेच उपचार सुरू करतो. तोच 12 पूर्ण दिवसांच्या, नीट दूध पिणाऱ्या बाळाला पाचव्या दिवशी आला तर घरी पाठवतो. घरी सोडताना कावीळ तपासली असेल तर कार्डावर आकड्याशेजारी तारीख आणि वेळ लिहून घ्या. माझ्यासारख्याला दुसरा आकडा मिळाला की त्यावरून वाढीचा वेग कळतो.

एक घरगुती गोष्ट इथेच सांगून टाकतो. पेटीतून काढलेली जुनी दुपटी, झबली, कुंची यांना डांबरगोळ्यांचा वास येत असेल तर ती बाळाच्या अंगाला लावू नका. काही बाळांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पी-डी नावाचं एक द्रव्य जन्मतःच कमी असतं. अशा बाळाच्या पेशी डांबरगोळीच्या वाफेनेही भराभर फुटतात आणि कावीळ एकदम चढते. कुणाला ही कमतरता आहे ते चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. कपडे धुऊन कडक उन्हात वाळवा आणि वास पूर्ण गेल्यावरच वापरा. दुसरे कपडे असतील तर मी म्हणेन हे वापरूच नका.

उन्हाचं तुमच्या आईचं म्हणणं अगदीच निराधार नाही. 1956 च्या सुमारास इंग्लंडमध्ये रॉचफर्ड इथल्या रुग्णालयात एका सिस्टरला असं दिसलं, की बागेत उन्हात नेलेल्या पिवळ्या बाळांचा उघडा भाग फिका पडतो आणि चादरीखाली झाकलेला पिवळाच राहतो. त्यातूनच लाईटचा उपचार निघाला. बिलिरुबिन मोडतं ते प्रकाशातल्या निळ्या भागाने. उन्हात तो आहे, पण किती मिळतोय हे मोजता येत नाही. काम होण्याइतकं ऊन द्यायचं तर बाळाला तासन्‌तास उघडं ठेवावं लागेल. त्यात थंडीच्या सकाळी बाळ गार पडतं आणि मार्च-एप्रिलात भाजतं. दहा मिनिटं कोवळ्या उन्हात धरून नुकसान होत नाही, फक्त 'आम्ही उपाय करतोय' या समाधानात दोन दिवस निघून जातात. काविळीची माळ, मंत्र, बाळाला गुळपाणी, साखरपाणी, घुटी यांचंही तेच. त्यात पोट भरल्यासारखं होतं आणि दूध आणखी कमी पितं. आईच्या जेवणातली हळद किंवा तूप बंद करून तर बाळाला काहीच फरक पडत नाही. आईला मात्र उपाशी ठेवल्यासारखं होतं.

दुधाकडे वळतो, कारण तुमच्या हातातलं खरं औषध तेच आहे. चोवीस तासांत निदान आठ वेळा, बारा वेळाही चालेल, आणि दोन पाजण्यांमध्ये तीन तासांहून जास्त अंतर नको, रात्रीसुद्धा. जन्मवजन भरून येईपर्यंत तरी घड्याळ लावून उठवा. दुपटं सोडा, लंगोट बदला, तळपाय चोळा, पाठीवरून बोट फिरवा. अंगावर घेतल्यावर पहिल्या मिनिटात ते छोटं-छोटं चोखेल. पान्हा फुटल्यावर खोल ओढणं सुरू व्हायला हवं: एक-दोनदा ओढलं की गिळल्याचा 'क्-हं' असा हलका आवाज. गिळणं ऐकू येत नसेल तर तोंड लागलंय, पोट भरत नाहीये. दोन मिनिटांत झोपलं तर स्तन हलके दाबा, गाल किंवा हनुवटी चोळा, दुसऱ्या बाजूला घ्या. तरीही ओढत नसेल तर दूध हाताने काढून वाटी-चमच्याने पाजा. बाटली नको.

किती दूध गेलं हे वरून दिसत नाही, खाली दिसतं. पहिल्या दिवशी लघवी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, अशी वाढत पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा व्हायला हवी. लघवी पाण्यासारखी असावी. डायपरमध्ये ओल कळत नाही, म्हणून या दिवसांत सुती लंगोटच बरा. पहिल्या दोन-तीन दिवसांत विटकरी डाग चालतो, नंतर दिसला तर दूध कमी पडतंय. जन्मवजन दहा ते चौदा दिवसांत भरून यायला हवं. आशाताईंच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्या असतात. त्यांच्याकडे वजनकाटा आणि थर्मामीटर असतो. 'बाळ झोपलंय, नंतर या' म्हणून त्यांना परत पाठवू नका. उठवून वजन करून घ्या.

तुम्ही लिहिलेला भराभरा श्वास बहुधा बिनधोक असेल. 'बहुधा' म्हणतोय, कारण मोजल्याशिवाय तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही. नव्या बाळाचा श्वास एकसारखा नसतो. थोडे श्वास पटापट घेतं, मग पाच-दहा सेकंद थांबतं, मग पुन्हा सुरू करतं. त्या थांबण्यात रंग बदलत नाही, बाळ ढिलं पडत नाही. म्हणून पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, पूर्ण साठ सेकंद मोजायचं. बाळ शांत किंवा झोपलेलं असावं, नुकतंच रडलेलं किंवा प्यायलेलं नसावं. झबलं वर करा, पोटाकडे बघा, वर येऊन खाली गेलं की एक. मोजायला दोघं बरी: एकाने घड्याळ बघायचं, दुसऱ्याने पोट. 30 ते 60 च्या मध्ये आलं तर ठीक. 60 किंवा जास्त आलं तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. पुन्हाही 60 किंवा जास्त आलं तर बाळ कितीही गोंडस दिसत असो, लगेच निघा.

काही खुणा अशा आहेत की मोजायलाही थांबायचं नाही. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत खोल ओढला जाणं, म्हणजे आपल्याकडे 'छाती उडते' म्हणतात ते. प्रत्येक श्वासाला 'हं, हं' असं कण्हणं, नाकपुड्या फुलणं, ओठ किंवा जीभ निळी पडणं, वीसेक सेकंद श्वास थांबणं. हातपाय थंडीने निळसर होतात, त्याचं एवढं नाही. जिभेचा रंग बघा. काखेत थर्मामीटर लावून 99.5 किंवा वर ताप असेल किंवा 96 च्या खाली उतरलं असेल, तर दोन्ही सारखंच वाईट. इतक्या लहान बाळाला जंतुसंसर्ग झाला की बऱ्याचदा ताप येतच नाही, उलट ते गार पडतं. अंग कपड्यात गुंडाळलेलं असूनही पाय गार लागले तर पोटाला हात लावून बघा.

मागच्या पावसाळ्यातलं एक बाळ आठवतं. अकरा दिवसांचं, जन्मवजन पूर्ण भरून आलेलं, चांगलं ओढणारं. एका सकाळी त्याने दूध घ्यायला तोंड उघडलं आणि नुसतंच धरून ठेवलं. आईच्या लक्षात आलं, पण सासूबाई म्हणाल्या, रात्री जास्त प्यायलं असेल. दुपारी दुसऱ्यांदा तसंच झालं, तेव्हा आईने अंगाला हात लावला, तर अंग गार. पोट उडत होतं. माझ्याकडे आलं तेव्हा श्वास 74, रडणं मांजराच्या पिलाइतकं बारीक. पिवळेपणाही दिसत होता, पण इथे तो आजाराचा एक भाग होता, कारण नव्हे. रक्तात संसर्ग होता. पहिली इंजेक्शनं देऊन 108 ने जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात पाठवलं. बारा दिवस राहिलं आणि घरी आलं. सकाळचं तोंड धरून ठेवणं ही त्याची पहिली खूण होती, श्वास नंतर वाढला.

'आधी नीट ओढत होतं, आता ओढत नाही. आधी खणखणीत रडत होतं, आता बारीक रडतं.' या दोन वाक्यांवर मी फार भरवसा ठेवतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या स्त्रियांना नवजात बाळाचा संसर्ग ओळखायला शिकवलं, तेव्हा ज्या खुणा धरल्या त्यांत आधी बरं असलेलं रडणं आणि ओढणं मंदावणं होतं. दवाखाना दूर, लॅब नाही, तरी अशा खुणांवर गावातच उपचार सुरू झाले आणि तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली ते प्रसिद्ध झालं. आशाताईंच्या आजच्या घरभेटी त्याच कामातून आल्या. आईला जे 'काहीतरी वेगळं वाटतंय', ते असंच असतं. तेवढं कारण सांगून माझ्याकडे आलात तरी मी बाळ तपासतो.

आणखी एक प्रकार वेगळा ओळखू येतो. बाळाला दूध हवं असतं, पण दोन घोट घेऊन धापा टाकत सोडतं, पुन्हा घेतं, पुन्हा सोडतं, आणि पाजताना कपाळावर घाम येतो. जन्मतः हृदयात दोष असलेली काही बाळं पहिले काही दिवस बरी दिसतात आणि मग अशी दमायला लागतात, कारण जन्माआधीची एक रक्तवाहिनी तोवर बंद होते. पेंगून सोडणं वेगळं आणि दमून सोडणं वेगळं. तुमचं बाळ कुठल्या कारणाने सोडतं ते बघून डॉक्टरांना सांगा.

निघताना बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून दुपटं आणि शाल घ्या, डोक्याला टोपरं. प्रवासात यापेक्षा चांगली ऊब नाही. पिवळं पण जागं असेल तर वाटेत पाजा. श्वास 60 च्या वर असेल किंवा अंग ढिलं असेल तर चमच्याने बळेच काही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. डिस्चार्ज कार्ड, आईचा रक्तगट आणि जन्मवजनाचा कागद घ्या. आई आरएच निगेटिव्ह असेल तर तिचं अँटी-डी इंजेक्शन झालंय का, तेही विचारतील. बाळ झटके देत असेल, पाठीची कमान करत असेल किंवा चिरक्या आवाजात सलग रडत असेल तर जवळच्या छोट्या दवाखान्यात वेळ घालवू नका. पिवळ्या बाळात त्या खुणा म्हणजे बिलिरुबिन मेंदूपर्यंत पोचतंय असा अर्थ. त्यातून कायमचं बहिरेपण किंवा हातापायांवरचा ताबा जाणं असं होऊ शकतं. सरळ नवजात कक्ष असलेल्या रुग्णालयात जा. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आण मोफत आहे. पैशांची जमवाजमव करण्यात रात्र घालवू नका.

तिथे पोचल्यावर काय होतं? कपाळाला किंवा छातीला लावायच्या यंत्राने किंवा टाचेच्या रक्ताने बिलिरुबिन मोजतात. तासांच्या तक्त्यावर ठेवून ठरवतात. लाईटखाली ठेवलं तर बाळ उघडं आणि डोळ्यांवर पट्टी असते. ते बघून आयांना रडू येतं. पाजायला बाहेर काढता येतं, दूध बंद करायचं नाही. शी हिरवट पातळ होते आणि अंगावर बारीक पुरळ येतं, दोन्ही उतरतं. लाईट बंद झाल्यावर कावीळ थोडी वर येऊ शकते. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायला सांगतील. बरं दिसतंय म्हणून ती तपासणी चुकवू नका.

सगळं आटोपल्यावर एक काम उरतं, आणि बारशाच्या गडबडीत ते राहून जातं. पूर्ण दिवसांचं बाळ चौदा दिवसांनंतरही पिवळं असेल, कमी दिवसांचं एकवीस दिवसांनंतरही, तर पुन्हा एकदा रक्त तपासायचं आणि या वेळी बिलिरुबिनचे दोन भाग, डायरेक्ट आणि इनडायरेक्ट, वेगळे करून मागायचे. अंगावर पिणाऱ्या, वजन वाढणाऱ्या बाळाची ही लांबलेली कावीळ बहुतेक दुधामुळे असते, दूध न तोडता आपोआप जाते. पण शी फिकट, पांढुरकी किंवा पुट्टीसारखी होत असेल आणि लघवीने लंगोट पिवळा पडत असेल, तर यकृतातून पित्त बाहेर पडायची वाटच बंद असण्याची शक्यता असते. त्यावर कासाई नावाची शस्त्रक्रिया आहे, आणि ती साठ दिवसांच्या आत झाली तर यश जास्त. दर वर्षी एखादं बाळ माझ्याकडे अडीच महिन्यांचं होऊन येतं, आणि तोवर घरच्यांनी शीचा रंग एकदाही उजेडात पाहिलेला नसतो. तिसऱ्या आठवड्यात लंगोट खिडकीपाशी नेऊन बघा. शी पिवळी असो वा हिरवी, चालेल. रंग पांढरा वाटला तर तो लंगोट धुऊ नका, तसाच पिशवीत घालून घेऊन या.